भाजल्यावर आधी काय, मग काय : इंदूरच्या एका मंडळाच्या स्वयंपाकघरासाठी केलेल्या भाषांतराच्या नोंदी

6 मे

आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरात गणेशोत्सवात दोनशे पानांचा महाप्रसाद होतो, आणि मोठ्या भगोन्यातला रस्सा किंवा कढईतले तेल कुणाच्या तरी हातावर उडाले नाही असे वर्ष मला आठवत नाही. म्हणून भिंतीवर लावण्यासाठी भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा एक मराठी तक्ता हवा, असे कार्यकारिणीत ठरले आणि काम माझ्याकडे आले. समोर एक इंग्रजी पान आहे, मजकूर जेमतेम दहा वाक्यांचा. वैद्यकीय माहिती चोख आहे, त्यामुळे दोन संध्याकाळींत काम उरकेल असे मी गृहीत धरले होते.

पहिला मसुदा आज झाला. वाचताना काहीतरी खटकते आहे, पण नेमके काय ते उद्या पाहीन.

7 मे

खटकत होते ते सापडले. मूळ वाक्याचा आशय असा आहे की जखम झाकण्यापूर्वी ती वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. मी ते प्रामाणिकपणे उतरवले : ‘भाजलेला भाग झाकण्यापूर्वी वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही. मात्र हात भाजलेल्या माणसाशेजारी उभे राहून कुणीतरी हे वाक्य घाईघाईने वाचणार आहे, आणि त्याच्या कानावर पहिली क्रिया पडते ती ‘झाकणे’. ‘पूर्वी’ हा इवलासा शब्द तिला मागे ढकलण्यासाठी असतो, पण तो क्रियेनंतर येतो, तोवर ऐकणारा फडके शोधायला वळलेला असतो.

म्हणून या तक्त्यापुरता एक नियम केला : ‘पूर्वी’, ‘आधी’, ‘अगोदर’ यांनी मागे ढकलावी लागेल अशी क्रिया कोणत्याही वाक्यात ठेवायची नाही. हाताने जे प्रथम करायचे ते वाक्यातही प्रथम. ‘वीस मिनिटे पाणी. मग झाकण.’ बोलण्यात आपण असेच सांगतो, लिहायला बसलो की मात्र उगाच ‘पूर्वी’ आठवते.

9 मे

आज शब्दांवर वेळ गेला. मराठीत भाजणे, पोळणे, जळणे आणि चटका बसणे हे वेगवेगळे अनुभव आहेत. तव्याला हात लागला तर चटका बसतो, चहाने जीभ पोळते, कपड्याने पेट घेतला तर माणूस जळतो. इंदुरात हिंदी कानावर पडून पडून आपण या सगळ्यालाच ‘हात जळला’ म्हणू लागलो आहोत. मथळ्यात नुसते ‘जळल्यास’ लिहिले तर वाफेने हात पोळलेल्या मुलीला तो तक्ता आपल्यासाठी आहे असे वाटणार नाही. ‘भाजले, पोळले, चटका बसला तर’ असा मथळा केला. लांबला, तरी चालेल.

याहून अडचणीचा शब्द ‘थंड’ निघाला. मुळात ज्या पाण्याची अपेक्षा आहे ते नळाचे साधे, अंगाला गार लागणारे पाणी आहे, गोठवणारे नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात ‘थंड पाणी आण’ म्हटले की मूल सरळ फ्रिजकडे जाते आणि घाबरलेले मूल फ्रिजमधून बर्फाचा ट्रेच काढते. बर्फाने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आधीच अर्धमेल्या झालेल्या भागाला रक्त मिळेनासे होते आणि जखम आणखी खोल जाते. म्हणजे एका शब्दाच्या घसरणीने पहिल्याच पायरीत ‘टाळा’ या रकान्यातली गोष्ट घडून जाईल. ‘थंड’ हा शब्द मी पूर्ण काढून टाकला. आता फक्त ‘नळाचे साधे पाणी’.

10 मे

‘नळाचे साधे पाणी’ लिहून मोकळे व्हावे, तर दुपारी दोन वाजता मंडळाच्या मोरीतला नळ सोडून पाहिला आणि हात मागे घेतला. टाकी गच्चीवर आहे, तिच्यावर ऊन आहे. पाकाच्या थर्मामीटरने मोजले तर 39 अंश भरले. अशा पाण्याने भाजलेली जागा निवत नाही. पाणी बराच वेळ सोडून ठेवल्यावरही ते फारसे उतरले नाही, कारण सगळी टाकीच तापलेली होती. तळमजल्यावरच्या हौदाचे पाणी मात्र 27 निघाले आणि माठातले त्याहून बरेच गार.

म्हणून उन्हाळ्यापुरते एक वाक्य वाढवले : ‘नळाचे पाणी गरम येत असेल तर हौदातले किंवा माठातले घ्या; आपल्या चांगल्या मनगटावर ओतून पाहा, गार लागले पाहिजे.’ मनगटाची ही खूण थर्मामीटरपेक्षा उपयोगाची आहे, कारण ती प्रत्येकाजवळ असते. मूळ पानात हे वाक्य नाही. भाषांतरात भर घालावी की नाही यावर मी थोडा वेळ घुटमळलो, पण तक्ता माळव्यातल्या उन्हाळ्यात टांगायचा आहे.

12 मे

वीस मिनिटे वाहते पाणी म्हणजे किती पाणी, हा प्रश्न कोषाध्यक्षांनी विचारला, आणि तो रास्त होता. आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. नळाची धार करंगळीएवढी ठेवून वीस लिटरची बादली भरायला लावली. आठ मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला अडीच लिटर आणि वीस मिनिटांना पन्नास लिटर, अडीच बादल्या. एवढे पाणी हौदात नेहमी असते. धार जोराची असण्याची गरजही नाही, उलट जोराच्या धारेने नाजूक झालेली त्वचा सोलवटते. नळापर्यंत नेता येत नसेल तर परात खाली धरून तांब्याने सावकाश ओतत राहायचे.

मिनिटांच्या आकड्याबद्दल एक सदस्य म्हणाले की त्यांच्या शाळेच्या जुन्या पुस्तिकेत दहा मिनिटे होती. ते खरे आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, आजची सूचना 20 मिनिटांची आहे आणि आपण तीच ठेवली आहे. इथे ‘किमान’ हा शब्द काढून ‘पूर्ण’ घातला, कारण ‘किमान वीस’ ऐकून लोक ‘जमेल तेवढे’ समजतात असा माझा अनुभव आहे.

15 मे

आमच्या ओळखीचे एक शल्यचिकित्सक मंडळात आले होते. त्यांना मी विचारले की आच तर दूर झाली, मग वीस मिनिटे कशाला? त्यांनी पेन काढून पत्रिकेच्या मागे एकात एक तीन वर्तुळे काढली. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1953 मध्ये ही मांडणी केली होती. सगळ्यांत आतले वर्तुळ म्हणजे मेलेली त्वचा, ती परत येत नाही. बाहेरचे वर्तुळ नुसते लाल झालेले असते, ते आपोआप बरे होते. प्रश्न असतो मधल्या पट्ट्याचा. तिथली त्वचा जिवंत असते पण तिचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ती वाचते किंवा मरते. ‘तुमचे वीस मिनिटांचे पाणी या पट्ट्यासाठी असते,’ ते म्हणाले. आच दूर झाली तरी उष्णता कातडीच्या आत मुरत राहते आणि पाणी ती ओढून घेते, शिवाय सूज आणि वेदनाही कमी होतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लगेच पाणी घातले नाही म्हणून पुढे घालू नये असे नाही. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग असतो. मी हे तक्त्यात घातले : ‘तीन तासांच्या आत पाण्याखाली धरल्यास उपयोग होतो.’ घरी वहिनींना वाचून दाखवले, तर त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तीन तास पाण्यात धरायचे?’ वाक्यात वीस मिनिटे आणि तीन तास हे दोन कालावधी शेजारी आले की मोठा आकडा लहानाला गिळतो. आता ते वेगळे आणि शेवटी ठेवले आहे : ‘उशीर झाला असला, दोन तास उलटले असले, तरी आता पाणी घाला, वीस मिनिटे.’ मर्यादेचा आकडा न देता मर्यादेच्या आतले उदाहरण दिले. हे मला अचूकतेच्या जरा आतले वाटते, पण गैरसमज होत नाही.

18 मे

‘टाळा’ या भागावर सगळ्यांत जास्त वेळ गेला.

मूळ पानात न करण्याच्या गोष्टी शेवटी, एका चौकटीत आहेत. मात्र टूथपेस्ट किंवा हळद लावली जाते ती पहिल्या मिनिटात, चौकटीपर्यंत वाचन पोहोचण्याच्या फार आधी. म्हणून मी ती चौकट उचलून सुरुवातीला आणली आणि काकूंना, म्हणजे वीस वर्षे मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सदस्यांना, ओट्यापाशी उभे करून वाचायला दिली. मी म्हटले, ‘काकू, समजा आत्ता तुमच्या हातावर तेल उडाले.’ त्यांनी डावा हात पुढे धरला आणि मोठ्याने वाचू लागल्या : ‘बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कच्चा बटाटा...’ इथे त्या थांबल्या, उजवा हात हळदीच्या डब्यावर होता. ‘नका’ अजून आलेच नव्हते.

आपल्या भाषेत नकार क्रियापदाच्या शेपटाला असतो. सहा पदार्थांची यादी आणि मग ‘लावू नका’ म्हणजे सहा वेळा सुचवून एकदा नाकारणे झाले. दुसरा तोटा असा की चौकट वाचण्यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि तेवढा वेळ हात पाण्याखाली नसतो. म्हणजे ‘टाळा’ शेवटी ठेवले तर उशीर होतो आणि आधी ठेवले तर पाण्याला उशीर होतो.

तोडगा काकूंनीच काढला, न कळत. डबा खाली ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे फक्त पाणी, दुसरं काही नाही, असंच ना?’ तेच वाक्य घेतले. पहिली ओळ आता अशी आहे : ‘लगेच नळाखाली. फक्त पाणी, दुसरे काही नाही.’ पदार्थांची नावे पहिल्या ओळीत येतच नाहीत. ती खाली, बारीक अक्षरात, कारणासह आहेत. हात पाण्याखाली असताना वीस मिनिटे वाचायला वेळच वेळ असतो.

हळदीवर वाद झालाच. ‘हळद जंतुनाशक आहे,’ काकू म्हणाल्या. मी त्यांच्याशी हळदीच्या गुणांवर भांडलो नाही. भाजल्यावर पहिल्या तासात प्रश्न जंतूंचा नसून उष्णतेचा असतो, आणि लेप कोणताही असो, तो उष्णता आत कोंडतो. शिवाय पिवळ्या रंगाखाली त्वचा लाल आहे, पांढरी आहे की काळी हे डॉक्टरांना दिसत नाही, आणि जखम किती खोल आहे ते त्या रंगावरूनच ठरते. मग तो लेप घासून काढावा लागतो, रुग्ण ओरडत असताना. हे शेवटचे ऐकून काकू गप्प झाल्या.

चित्रकार मुलाने टूथपेस्टच्या नळीवर लाल फुली काढून दिली होती. ती मी वगळली. दुरून फुली दिसत नाही, नळी दिसते.

20 मे

‘फोड फोडू नका’ हे वाक्य जिभेवर अडखळते आणि घाईत ‘फोड फोडा’ असेही ऐकू जाऊ शकते. ते ‘फोड आला तर तसाच राहू द्या’ असे केले.

दागिन्यांच्या जागेबद्दल विचार केला. सूज चढल्यावर अंगठी अडकते आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडते, म्हणून बांगड्या, अंगठी, घड्याळ लवकर निघायला हवे. पण साबण लावून पाटल्या काढण्यात पाच मिनिटे गेली तर काय? ‘पाण्याच्या धारेखालीच काढा’ असे लिहिले, म्हणजे दोन्ही कामे एकाच वेळी होतात. गरम चहाने किंवा तेलाने भिजलेला कपडा मात्र उष्णता धरून ठेवतो, तो पाणी सुरू करतानाच उतरवायचा. जो कपडा कातडीला चिकटला आहे, नायलॉनचा तर विशेषच, तो ओढायचा नाही. त्याच्यावरूनच पाणी सोडायचे आणि मोकळा भाग कात्रीने कापायचा.

24 मे

झाकण्याची पायरी. मूळ पानात खाद्यपदार्थ गुंडाळण्याची पारदर्शक प्लास्टिक फिल्म आहे. इंदुरात ती मिठाईवाल्यांकडे आणि मॉलमध्ये मिळते; मंडळासाठी एक गुंडाळी आणून प्रथमोपचार पेटीत ठेवली. तिचा पहिला वीतभर भाग फेकून द्यावा, कारण तो हाताळलेला असतो. ती जखमेवर नुसती ठेवायची, गोल गुंडाळायची नाही, कारण सूज वाढते आणि गुंडाळलेली फिल्म फास बनते. नसेल तर धुतलेला, लव नसलेला सुती कपडा, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा. हातापंजासाठी स्वच्छ प्लास्टिकची पिशवीही चालते. कापूस मात्र नको. त्याचे तंतू जखमेत रुततात आणि एकेक करून चिमट्याने काढावे लागतात.

भाषांतरात इथे ‘पट्टी बांधा’ असे सहज लिहिले जाते, आणि पट्टी म्हटले की आपला हात घट्ट आवळतो. ‘वरून हलकेच ठेवा’ असे केले.

3 जून

आज तक्त्याची परीक्षा झाली, आणि ती मी मागितली नव्हती. शेजारच्या घरी चार वर्षांच्या मुलाच्या मांडीवर चहाचे पातेले कलंडले. आजींनी हाक मारली तेव्हा मी मसुदा हातात घेऊनच गेलो. चड्डी लगेच उतरवली आणि न्हाणीघरात हौदाच्या पाण्याचा तांब्या सुरू केला. साधारण चार मिनिटांनी मूल थरथरू लागले आणि आजींनी तांब्या खाली ठेवला. ‘अहो, थंडी वाजतेय त्याला, पुरे आता.’

त्यांचे चुकत नव्हते. लहान मुलाचे अंग लवकर गार पडते आणि मोठ्या भागावर पाणी घालत राहिले तर शरीराचे तापमान घसरण्याचा धोका खरा असतो. मसुद्यात मात्र ‘रुग्णाला उबदार ठेवा’ ही ओळ सहाव्या क्रमांकावर, झाकण्याच्याही खाली होती, आणि पहिल्या ओळीत पाणी. वाचणाऱ्याला दोन्ही आज्ञा एकमेकींविरुद्ध वाटतात आणि तो एकच निवडतो. आम्ही मुलाचा ओला सदरा काढला, खांद्यांवर आणि पाठीवर गोधडी घेतली, मांडी तेवढी उघडी ठेवली आणि पाणी पुन्हा सुरू केले. थरथर थांबली. वीस मिनिटे झाली, मग फिल्म वर ठेवली आणि मूल गोधडीसकट रुग्णालयात गेले. लाल भाग त्याच्याच तळहाताने मोजला तर दोन तळहात भरला, आणि मुलाची जखम त्याच्या एका तळहातापेक्षा मोठी असेल तर डॉक्टरांकडे नेणे ठरलेलेच. बोटांसकट तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का, आणि ज्याची जखम त्याचाच तळहात धरायचा असतो, आजींचा नव्हे. दोन फोड होते, जखम वरवरची आहे असे सांगून त्याला घरी पाठवले.

रात्री ओळ हलवली. आता ती पाण्याच्या ओळीला जोडूनच आहे : ‘पाणी भाजलेल्या जागेवर, पांघरूण बाकी अंगावर.’

8 जून

अंतिम मजकूर, खालचा बारीक अक्षरातला भाग सोडून, छपाईला दिला तसा :

भाजले, पोळले, चटका बसला तर
आगीपासून दूर व्हा. कपडा पेटला असेल तर जमिनीवर लोळा.
लगेच नळाखाली. फक्त पाणी, दुसरे काही नाही.
गरम, भिजलेला कपडा उतरवा. चिकटलेला राहू द्या.
बांगड्या, अंगठी, घड्याळ धारेखालीच काढा.
घड्याळ पाहा : पूर्ण वीस मिनिटे. पाणी भाजलेल्या जागेवर, पांघरूण बाकी अंगावर.
मग फिल्म किंवा धुतलेला सुती कपडा वरून हलकेच ठेवा.
फोड आला तर तसाच राहू द्या.
चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग यांवर भाजले असेल, त्वचा पांढरी किंवा काळी दिसत असेल, जखम तळहाताहून मोठी असेल किंवा मूल लहान असेल, तर 108 ला फोन करा. पाणी चालू ठेवूनच फोन करा.

‘पाणी चालू ठेवूनच’ हे शब्द आज सुचले. नाहीतर लोक पाणी बंद करून रुग्णवाहिकेची वाट पाहत दारात उभे राहतात.

विजेच्या धक्क्याने आणि रसायनांनी होणाऱ्या जखमा या तक्त्यात नाहीत, त्यांचा क्रम वेगळा आहे : विजेत आधी मेन स्विच, कोरड्या रसायनात आधी भुकटी झटकणे. त्यांना याच कागदावर बसवले असते तर पहिली ओळ ‘जर’ने सुरू करावी लागली असती. वेगळा कागद करू.

11 जून

तक्ता लावला. कार्यकारिणीला तो शेगडीमागच्या भिंतीवर हवा होता, तिथे तो ठळक दिसतो म्हणून. मी मोरीतल्या नळाच्या वर लावून घेतला, कारण शेगडीपाशी उभा राहून वाचणारा अजून पाण्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

काकूंनी शेवटची चाचणी घेतली. हात धारेखाली धरला, ओळी मोठ्याने वाचल्या, ‘घड्याळ पाहा’ म्हणाल्या आणि मान वर करून भिंत शोधू लागल्या. मोरीतून घड्याळ दिसतच नाही, आणि स्वयंपाकघरातले जे आहे ते गेल्या चैत्रापासून सव्वापाचवर बंद आहे. ते उतरवून नवा सेल घातला आणि नळासमोरच्या खिळ्यावर टांगले.